मदत हवी आहे: ‘व्हॉट टाइम विल यू रीच’ की ‘यू विल रीच’? मेल आज रात्री जायचाय

वायरीची_सई
थोडक्यात विचारते. इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद आधी की कर्ता आधी? शाळेत शिकवलं, प्रश्नात क्रियापद आधी. तसंच लिहिलं. भाचा म्हणाला उलट कर. सगळं उलट केलं, तर म्हणतो आता एक बरोबर होतं तेही बिघडलं. तो पुण्याला असतो आणि आता फोन उचलत नाही. मेल आज रात्री पाहुण्यांना गेला पाहिजे. फोनवर मराठी कीबोर्डच चालतोय, त्यामुळे इंग्रजी देवनागरीत लिहिते आहे, त्यावरून कोणी टोमणे मारू नका. भाषण नको, नियम सांगा.

दर्यावर्दी
प्रश्न असेल तर क्रियापद आधी. विषय संपला.

चिपळूणची_सून
कुठे संपला? सईताई, वाक्यं कोणती ते तर टाका. नुसता प्रश्न आहे, की ‘कळवा’, ‘सांगा’, ‘विचारलं’ यांच्या पोटात शिरलेला प्रश्न आहे? उत्तर त्यावर ठरतं. आणि बिघडलेलं वाक्य कोणतं?

कोकणवेडा_ठाणे
ताई, वायरीला तुमचा होमस्टे आहे का? मे महिन्यात दोन खोल्या मिळतील? माणशी काय घेता, जेवण धरून?

निवृत्त_मास्तर
यात अवघड काही नाही. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर क्रियापद आधी, पूर्णविराम असेल तर कर्ता आधी. मी मुलांना हेच शिकवत आलो. गुण मिळाले.

वायरीची_सई
घ्या वाक्यं. हे उलट करायच्या आधीचं आहे.
प्लीज टेल अस व्हॉट टाइम विल यू रीच कुडाळ.
डू यू नो व्हेअर इज द जेट्टी?
वी वुड लाइक टु नो डू यू ईट फिश.
लेट अस नो इफ यू विल कम बाय ट्रेन.
टेल अस हू इज कमिंग.
यातलं शेवटचं मी ‘हू कमिंग इज’ केलं, त्यावर भाचा हसला.
शिवाय एका पाहुणीने वाईट रिव्ह्यू दिलाय, त्याला उत्तर द्यायचंय: ‘यू आस्क्ड मी दॅट व्हेन डज द बोट गो टु द फोर्ट.’ तेही बघा.

निवृत्त_मास्तर
दुसरं वाक्य बरोबर आहे. प्रश्नचिन्ह आहे ना. बाकीची सरळ करा. आणि चौथ्यातलं ‘विल’ काढा, इफनंतर विल येत नाही.

चिपळूणची_सून
सर, दोन्ही मुद्द्यांवर माझं वेगळं मत आहे. आधी प्रश्नचिन्हाचं बोलते.

‘डू यू नो’ हा बाहेरचा प्रश्न आहे आणि चिन्ह त्याचं आहे. ‘डू’ पुढे आलं तेवढ्यावर उलटापालट संपली. आतला भाग मग सरळच राहतो: ‘डू यू नो व्हेअर द जेट्टी इज?’ तुमचा नियम पहिल्या वाक्याला लागू पडतो, कारण तिथे बाहेर प्रश्नच नाही. ‘आय वंडर’ने सुरू होणाऱ्या वाक्यांनाही पडतो. पण तो नेमका ‘डू यू नो’ आणि ‘कॅन यू टेल मी’ इथे फसतो, आणि होमस्टेवाल्यांना हीच दोन रोज लागतात.

सईताई, इंग्रजीचं राहू द्या, आधी वाक्य मराठीत म्हणा. ‘तुम्ही कुडाळला किती वाजता पोचाल हे कळवा.’ मध्ये ‘हे’ बसलं ना? जिथे ‘हे’ किंवा ‘ते’ बसतं तिथे आतला प्रश्न हा प्रश्न उरलेला नसतो, ती कळवायची एक गोष्ट झालेली असते. अशा वेळी इंग्रजीत साध्या विधानासारखं लिहायचं, कर्ता आधी: ‘व्हॉट टाइम यू विल रीच कुडाळ’. ‘जेट्टी कुठे आहे हे ठाऊक आहे का?’ यातही ‘हे’ बसतं. पण तुम्ही ‘किती वाजता पोचाल? कळवा.’ अशी दोन वाक्यं केलीत तर ‘हे’ बसत नाही, आणि तिथे ‘व्हॉट टाइम विल यू रीच?’ हेच बरोबर.

तिसऱ्या वाक्यात ‘डू’ नुसतं मागे सरकवायचं नाही, ते जातंच. ते फक्त प्रश्न उभा करायला आणलेलं होतं. त्याच्या जागी जोडायला ‘व्हेदर’ लागतं, कारण आपण मराठीत ‘मासे खाता की नाही’ म्हणतो त्यातलं ‘की नाही’ कुठेतरी दिसायला हवं. ‘वी वुड लाइक टु नो व्हेदर यू ईट फिश.’

बाबी_कुडाळकर
अगो, इंग्रजीचा जावंदे. ‘तो खय गेलो ता माका ठावक नाय.’ आमच्या मालवणीत पण ‘ता’ बसता. म्हणजे आमका सगळ्यांका इंग्रजी येता, फक्त कोणी सांगूक नाय!

वायरीची_सई
‘हे’ कळलं. मग ‘हू इज कमिंग’ला ‘हे’ बसतं की. ‘कोण येणार आहे हे सांगा.’ तिथे का हसला?

चिपळूणची_सून
कारण तिथे ‘हू’ हाच कर्ता आहे. तो आधीच पुढे उभा आहे, सरकवायला दुसरं कोणी नाही. ‘हू इज कमिंग’, ‘व्हॉट हॅपन्ड’, ‘हू टूक द की’ ही प्रश्न म्हणून लिहा नाहीतर ‘टेल अस’च्या पोटात घाला, तशीच राहतात. ओळखायचं कसं? येणारं कोण? ‘हू’. पोचणारं कोण? ‘यू’. क्रिया करणारा वेगळा सापडला तरच त्याला क्रियापदाच्या आधी आणायचं.

दर्यावर्दी
कशाला हा द्राविडी प्राणायाम? मी जहाजावर असतो. आमच्याकडे आयएमओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे, ठरलेले सागरी वाक्प्रयोग आहेत, 2001 पासून. प्रश्न असेल तर आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं आणि मग सरळ विचारायचं: ‘क्वेश्चन. व्हॉट इज युअर ईटीए?’, म्हणजे पोचायची वेळ काय. पोटातले प्रश्न वायरलेसवर कोणी विचारत नाही. फिलिपिनो, रशियन, रत्नागिरीकर, सगळ्यांना कळतं. सईताई, तुम्हीही तसंच करा.

चिपळूणची_सून
वायरलेसवर ठीक. पैसे भरून येणाऱ्या पाहुण्याला ‘डू यू ईट फिश? हू इज कमिंग?’ अशी सरबत्ती केली तर चौकीवर बसवल्यासारखं वाटेल. ‘वी वुड लाइक टु नो’ लावतात ते त्या मऊपणासाठी.

निवृत्त_मास्तर
माझ्या विलचं काय झालं? इफनंतर विल नाही, हे कोणत्याही व्याकरणात आहे.

चिपळूणची_सून
आहे, पण ते ‘जर’वाल्या इफसाठी. ‘जर पाऊस पडला तर बोट जाणार नाही’: ‘इफ इट रेन्स’, तिथे विल नको. पण ‘पाऊस पडेल की नाही कोण जाणे’ हा दुसरा इफ. ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’ हे अगदी बरोबर आहे. इफच्या जागी व्हेदर घालून बघा. अर्थ तोच राहिला तर विल चालतं.

सईताईंच्या चौथ्या वाक्याची अडचण विल नाही, अर्थाची आहे. ‘लेट अस नो इफ…’ हे दोन्हीकडे झुकतं. पाहुणा ते ‘ट्रेनने येणार असाल तरच कळवा’ असं वाचू शकतो, आणि गाडीने येणारा मग गप्प बसतो. दोन्ही बाजूंचं उत्तर हवं असेल तर व्हेदर लिहा.

वायरीची_सई
अगं बाई! म्हणून गाडीने येणारे उत्तर देत नाहीत होय, आणि आमचा ड्रायव्हर कुडाळ स्टेशनवर मांडवीची वाट बघत उभा. आता रिव्ह्यूचं सांगा. बाई जूनअखेर आली, किल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात हे मी तिला सांगितलं होतं.

निवृत्त_मास्तर
याला माझं उत्तर घ्या. ‘आस्क्ड’ भूतकाळ, म्हणून आतलंही भूतकाळात: ‘यू आस्क्ड मी व्हेन द बोट वेन्ट टु द फोर्ट.’ आणि ‘दॅट’ उडवा, प्रश्नार्थक शब्द आला की दॅट लागत नाही.

चिपळूणची_सून
सर, दॅटचं शंभर टक्के. आपण ‘तिने विचारलं की बोट कधी जाते’ म्हणतो, त्या ‘की’ला जागून हात आपोआप दॅट लिहितो. आणि मराठीत ‘जाते’ हा वर्तमानच राहतो, विचारलं काल असलं तरी, म्हणून काळ बदलायचं आपल्याला सुचतच नाही.

परीक्षेत ‘वेन्ट’च लिहावं. पण इथे वाचणाऱ्याला वाटेल, ती होऊन गेलेल्या फेरीची चौकशी करत होती. वेळापत्रक आजही लागू असेल तर ‘व्हेन द बोट गोज’ चालतं. आणि तिला पुढची फेरी कधी आहे असं विचारायचं होतं, तर ‘व्हेन द बोट वुड गो’. बाईंनी नेमकं काय विचारलं होतं?

वायरीची_सई
‘व्हेन विल द बोट गो?’ म्हणाली.

चिपळूणची_सून
मग ‘वुड’. विलचं मागे जाऊन वुड होतं. ‘यू आस्क्ड मी व्हेन द बोट वुड गो टु द फोर्ट, अँड आय टोल्ड यू इट डझ नॉट रन इन द मॉन्सून.’ दुसऱ्या भागात ‘डझ नॉट’ मुद्दाम ठेवलंय, कारण बोट यंदाच नाही, दर पावसाळ्यात बंद असते.

निवृत्त_मास्तर
‘टोल्ड’नंतर ‘डिड नॉट’ हवं. आस्क्डनंतर बदलायचं आणि टोल्डनंतर नाही, ही कसली सवलत? उत्तरपत्रिकेत मी अर्धा गुण कापला असता.

चिपळूणची_सून
कापा. पण ‘डिड नॉट’ लिहिलं तर ती म्हणेल, बोट आता चालू झाली असेल.

आडिवऱ्याचा_पोर
आयर्लंडला शिकायला आहे. इथली माणसं सर्रास ‘ही आस्क्ड मी वॉज आय रेडी’ म्हणतात, म्हणजे आतही उलटंच. मग आपलं ‘व्हेअर इज द जेट्टी’ चूक कसं?

चिपळूणची_सून
बोलण्यात चालतंच, भारतातही खूपजण तसं बोलतात. पण लेखी मेलमध्ये खटकतं, म्हणून भाच्याने हटकलं. आयरिश माणसानेही अर्जात ते टाळलं असतं.

आडिवऱ्याचा_पोर
माझ्या घरमालकाने टाळलं नाहीये, भाड्याच्या नोटिशीत आहे.

वायरीची_सई
तुमचं चालू द्या. मी पाठवते आहे: ‘प्लीज टेल अस व्हॉट टाइम यू विल रीच कुडाळ, अँड व्हेदर यू आर कमिंग बाय ट्रेन ऑर बाय कार. वी वुड ऑल्सो लाइक टु नो हू इज कमिंग अँड व्हेदर दे ईट फिश.’ जेट्टीचं काढून टाकलं, नकाशा जोडते.

चिपळूणची_सून
छान. पाठवा.

दर्यावर्दी
‘हू इज कमिंग’ऐवजी ‘हाउ मेनी’ लिहा. नावं घेऊन काय करणार, ताटं मोजायची ना?

वायरीची_सई
फॉर्मला नावं लागतात. आणि ‘हाउ मेनी आर कमिंग’ पण तसंच राहणार ना, कारण येणारे ‘हाउ मेनी’च?

चिपळूणची_सून
बरोब्बर.

निवृत्त_मास्तर
मग ‘ही आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर’ कसं? मॅटर कर्ता धरला तर ‘व्हॉट द मॅटर वॉज’ व्हायला हवं. पुस्तकांत मात्र पहिलंच सापडतं.

चिपळूणची_सून
दोन्ही सापडतात सर, पहिलं जास्त. तिथे कर्ता ‘व्हॉट’ धरायचा की ‘मॅटर’, यावर एकमत नाही. ‘इज’ने जोडलेल्या वाक्यांत हा घोळ राहतोच.

कोकणवेडा_ठाणे
ताई, खोल्यांचं? मे महिना. आम्ही सगळे मासे खातो.