फ्लूच्या लशीचे टक्के दरवर्षी एवढे वेगळे का? (मदत हवी आहे)

शर्वरी_एडिसन
आईबाबा नाशिकहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत, मार्चपर्यंत राहतील. वयं 69 आणि 72. दोघांना फ्लूची लस द्यायची म्हणून सीडीसीचे जुने आकडे बघत बसले आणि गोंधळ वाढला. 2010-11 च्या हंगामात परिणामकारकता 60 टक्के, 2014-15 ला 19. 2017-18 ला एकूण 38, पण नऊ वर्षांखालच्या मुलांत 68 आणि 65 च्या पुढे फक्त 17. बाबा म्हणाले, "म्हणजे लस घेऊनही शंभरातल्या त्र्याऐंशी म्हाताऱ्यांना फ्लू होणारच. मग दंड कशाला दुखवून घ्यायचा?" मला उत्तर देता आलं नाही. हे टक्के मोजतात तरी कसे?

पराग_क
सोपं आहे. लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते फेब्रुवारीतच ठरतं, आणि हिवाळा येईपर्यंत विषाणू रूप बदलतो. जुळलं तर 60, नाही जुळलं तर 19.

मीनलकाकू
मी गेल्या वर्षी लस घेतली आणि चौथ्या दिवशी तापाने पडले, आठवडाभर उठले नाही. तेव्हापासून घेत नाही. शर्वरी, आईला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

अनिरुद्ध_साथरोग
शर्वरीताई, आधी बाबांचा हिशोब. 17 टक्के म्हणजे 83 जणांना फ्लू होणार, असं नाही. समजा लस न घेतलेल्या हजारांत शंभर जणांना फ्लू झाला असता, तर तशाच हजार जणांनी लस घेतल्यावर 83 जणांना होईल. तुलना लस न घेतलेल्यांशी असते.

मोजणी अशी होते. हिवाळ्यात खोकल्याने आजारी पडून दवाखान्यात आलेल्यांचा, आजार सुरू होऊन आठवडा उलटायच्या आत, नाका-घशातून स्वॅब घेऊन पीसीआर करतात. काहींना फ्लू निघतो, काहींना दुसराच काही विषाणू. मग दोन्ही गटांत लस घेतलेले किती ते पाहायचं. समजा फ्लूवाल्या 300 जणांत 120 लसवंत आणि 180 बिनलशीचे; फ्लू नसलेल्या 700 जणांत 385 आणि 315. पहिलं गुणोत्तर 0.67, दुसरं 1.22. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 0.55 येतं, ते एकातून वजा केलं की उरतं 45 टक्के. प्रत्यक्षात वय, जुने आजार, हंगामातला महिना यांचा हिशोब धरून आकडा सुधारतात.

फ्लू नसलेले आजारी घ्यायचं कारण छान आहे. लस घेणारी माणसं बरेचदा लगेच डॉक्टर गाठणारीही असतात. घरी बसलेल्यांशी तुलना केली तर हा फरक लशीच्या माथी लागेल. इथे दोन्ही गट दवाखान्यापर्यंत आलेलेच असतात.

मीनलकाकू, टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, आणि प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या अभ्यासात तुम्ही मोजल्याच गेल्या नसत्या. लशीनंतर चौदा दिवसांच्या आत आजारी पडलेल्यांना वगळतात. स्वॅब झाला नसेल तर तो ताप फ्लूचाच होता का, हे आता कळणार नाही.

पराग_क
पण माझं म्हणणं बरोबर ना?

अनिरुद्ध_साथरोग
2014-15 पुरतं बरोबर. त्या वर्षी लशीत एच3एन2 या फ्लूच्या प्रकारातला, टेक्सासमध्ये सापडलेला विषाणू होता आणि बहुतेक लोकांना झालेला एच3एन2 त्यापासून दूर गेलेला. सप्टेंबर 2014 मध्ये दक्षिण गोलार्धाच्या लशीसाठी तो बदलून स्वित्झर्लंडचा निवडला, पण अमेरिकेचे डोस तोवर तयार झाले होते. 2017-18 ला मात्र फिरणारा एच3एन2 निवडलेल्या विषाणूशी बऱ्यापैकी जुळत होता. गडबड वाढवण्यात झाली: बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, आणि अंड्यात रुजताना एच3एन2 च्या पृष्ठभागावरचं प्रथिन थोडं बदलतं. शरीर मग त्या बदललेल्या रूपाविरुद्ध तयारी करतं. त्याच हंगामात एच1एन1 विरुद्ध तीच लस 62 टक्के चालली. म्हणून कोणता प्रकार पसरला, ते आधी पाहायचं.

शर्वरी_एडिसन
मग बाबांच्या वयात 17 च का?

अनिरुद्ध_साथरोग
वयाबरोबर लशीला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, हे एक. शिवाय त्या गटात फ्लू निघालेले रुग्ण कमी होते, त्यामुळे खरा आकडा उणे 14 पासून 39 पर्यंत कुठेही असू शकत होता. ज्येष्ठ अनेकदा उशिरा येतात. तोवर स्वॅबमध्ये विषाणू सापडला नाही तर फ्लूचाच रुग्ण 'फ्लू नाही' गटात जातो आणि टक्का खाली ओढला जातो. लहानपणी कोणता फ्लू आधी झाला त्यावरही पुढचा प्रतिसाद ठरतो, असं काहींचं मत आहे. त्यावर वाद चालू आहे.

तुमच्या कामाचं: अमेरिकेत 65 च्या पुढच्यांना जास्त मात्रेची लस मिळते. मोठ्या चाचणीत ती नेहमीच्या लशीपेक्षा 24 टक्के जास्त परिणामकारक ठरली. फार्मसीत वय सांगून तीच मागा.

शर्वरी_एडिसन
बाबांना 83 चा हिशोब कागदावर करून दाखवला. शनिवारी जातोय. आईचा प्रश्न उरलाय: तिने जूनमध्ये नाशिकला फ्लूची लस घेतली होती, ती मोजायची का?

मीनलकाकू
मधुमेहाचं विचारलंस का?