शब्दचर्चा : ‘सल्लागार मत’ म्हणायचं, ‘अभिमत’ की ‘सल्ला’?

रामबाग, इंदूर
मंडळाच्या त्रैमासिकासाठी चागोस बेटांवरचा, म्हणजे ब्रिटनने मॉरिशसपासून तोडून स्वतःकडे ठेवलेल्या हिंदी महासागरातल्या बेटांवरचा, एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या ‘अ‍ॅडव्हायजरी ओपिनियन’ला माझ्या मसुद्यात तीन ठिकाणी तीन शब्द पडलेत : सल्लागार मत, सल्ला आणि निकाल. इथे दिवसभर हिंदी कानावर, त्यामुळे आधी ‘सलाहकारी राय’च सुचतं. एकच शब्द कोणता ठेवू? आणि ‘न्यायालयाने ब्रिटनला बेटं सोडण्याचा आदेश दिला’ हे वाक्य चालेल का?

लष्कर, ग्वाल्हेर
‘सल्ला’ लिहा आणि मोकळ्या व्हा. ते बंधनकारक नसतं. संयुक्त राष्ट्रांतल्या कोणीही विचारावं, न्यायालयाने सांगावं, पटलं तर ऐकावं. आदेश तर मुळीच नाही.

दांडिया बाजार, बडोदे
आदेश नाही हे बरोबर. बाकी दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात, कारण शब्द त्यांवरच ठरणार आहे.

‘कोणीही’ विचारू शकत नाही. सनदेच्या ९६व्या कलमाप्रमाणे आमसभा आणि सुरक्षा परिषद कोणताही कायदेशीर प्रश्न पाठवू शकतात. बाकीच्या अंगांना आणि विशेष संस्थांना आधी आमसभेची परवानगी लागते, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्या कामाच्या कक्षेतलाच असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने अण्वस्त्रांच्या वापराच्या कायदेशीरपणाबद्दल विचारलं होतं. ८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने ११ विरुद्ध ३ मतांनी उत्तर द्यायला नकार दिला. अण्वस्त्रांचे आरोग्यावरचे परिणाम हे संघटनेचं काम, पण अस्त्र वापरणं कायदेशीर की बेकायदा हे तिच्या कक्षेत येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याच दिवशी आमसभेच्या जवळपास त्याच विषयावरच्या प्रश्नाला मात्र उत्तर दिलं. म्हणजे प्रश्न कोणी पाठवला यावर दार उघडतं. महासचिवांनाही थेट विचारता येत नाही.

राजवाडा, इंदूर
थोडं वेगळं विचारतो. माझ्या चुलतभावाचे आखातातल्या एका कंपनीने आठ महिन्यांचे पैसे अडकवलेत. त्याच्यासाठी असं मत मागवता येईल का? आमच्या सोसायटीच्या जमिनीबाबत वकिलाचा ‘कायदेशीर अभिप्राय’ घेतला होता, तो बँकेने मानला. तोही ओपिनियनच ना?

दांडिया बाजार, बडोदे
दादा, नाही येणार. व्यक्ती विचारू शकत नाही, कंपनी नाही, आणि एखादं राष्ट्रसुद्धा थेट नाही. भावाने त्या देशातल्या कामगार न्यायालयाकडे आणि आपल्या दूतावासाकडे अर्ज करावा, आणि लवकर करावा, कारण अशा दाव्यांना मुदत असते. ‘अभिप्राय’ हा शब्द मात्र तुम्ही चांगला काढलात. वकिलाचा अभिप्राय एका अशिलासाठी असतो, पैसे देऊन घेतलेला. इथे पंधरा न्यायाधीशांचं न्यायालय राष्ट्रांचे लेखी जबाब मागवतं, बहुधा तोंडी सुनावणी घेतं आणि खुल्या बैठकीत मत वाचून दाखवतं. त्यामुळे ‘अभिप्राय’ इथे हलका पडतो.

रामबाग, इंदूर
मग मॉरिशसने ब्रिटनविरुद्ध थेट दावा का नाही लावला? लेखात ते कारण अर्ध्या ओळीत उरकलंय.

दांडिया बाजार, बडोदे
कारण दाव्याला दोघांची संमती लागते. ब्रिटनने न्यायालयाची अधिकारिता मानताना राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून ठेवले होते, आणि मॉरिशस राष्ट्रकुलात आहे. मग मॉरिशस आमसभेकडे गेला. २२ जून २०१७ रोजी ९४ विरुद्ध १५ मतांनी ठराव झाला, ६५ देश तटस्थ. दोन प्रश्न पाठवले गेले : १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालं होतं का, आणि ब्रिटनने तिथला कारभार चालू ठेवण्याचे परिणाम काय?

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी उत्तर आलं : १९६५ मध्ये बेटं तोडल्यामुळे ते पूर्ण झालं नव्हतं, आणि ब्रिटनने कारभार शक्य तितक्या लवकर संपवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. १३ विरुद्ध १. ताई, मूळ मजकुरात क्रियापद पाहा. पाठवलेल्या प्रश्नांचं प्रत्येक उत्तर ‘न्यायालयाचे असे मत आहे की’ असं येतं. ‘न्यायालय निर्णय देते’ असं नाही. शीर्षकात ‘विरुद्ध’ही नसतं, कारण वादी-प्रतिवादी नसतात. कुलभूषण जाधव प्रकरणाचं शीर्षक भारत विरुद्ध पाकिस्तान असं होतं. तो २०१९चा निकाल, दोन्ही पक्षांवर बंधनकारक. अनुवाद करताना कागद कोणत्या जातीचा आहे ते या दोन खुणांवरून लगेच कळतं.

लष्कर, ग्वाल्हेर
पण ब्रिटनने ऐकलं कुठे? आमसभेने मे २०१९ मध्ये ११६ विरुद्ध ६ मतांनी सहा महिन्यांची मुदत दिली, तीही उलटून गेली. म्हणजे सल्लाच.

दांडिया बाजार, बडोदे
तेव्हा ऐकलं नाही, हे खरं. पण पुढे मॉरिशस आणि मालदीवचा सागरी हद्दीचा वाद हॅम्बुर्गच्या समुद्री कायदा न्यायाधिकरणापुढे गेला. मालदीवचं म्हणणं होतं, बेटं कोणाची हेच ठरलेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये विशेष पीठाने ते फेटाळलं : मत बंधनकारक नसलं तरी त्यातल्या कायद्याच्या निष्कर्षांना कायदेशीर परिणाम आहे, आणि त्यांचा अधिकार निकालातल्या निष्कर्षांइतकाच आहे. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या : सार्वभौमत्व मॉरिशसचं, त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे. करार मतामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, पण ‘सल्ला’ या शब्दात हे सगळं मावत नाही. सल्ला नाकारला की संपतो. इथे न्यायालय नवीन बंधन घालत नाही, आधीपासून असलेल्या कायद्यात बंधन कोणतं आहे ते सांगतं.

एक अपवादही सांगून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकारांचा १९४६चा करार म्हणतो, वाद झाल्यास न्यायालयाचं मत निर्णायक मानावं. त्याच आधारावर मलेशियाबाबत आर्थिक व सामाजिक परिषदेने विचारलं आणि १९९९ मध्ये मत मिळालं. तिथे बंधन करारातून आलं, मतातून नाही.

लष्कर, ग्वाल्हेर
हे पटलं नाही पूर्ण. बंधन आधीपासून होतं असं न्यायालय म्हणतं, ब्रिटन म्हणतो नव्हतं, आणि ब्रिटनने न्यायालयाला हे ठरवायची संमती दिलेली नाही. मागच्या दाराने दावा चालवल्यासारखंच झालं ते.

दांडिया बाजार, बडोदे
हा आक्षेप ब्रिटनने तिथेही घेतला होता. न्यायालयाने उत्तर दिलं की प्रश्न आमसभेच्या कामासाठी आहे, दोघांचा वाद सोडवण्यासाठी नाही. जाणकारांत तुमच्या बाजूचेही लोक आहेत.

ग्रंथालय, महाल, ग्वाल्हेर
शब्दाकडे येते. ‘सल्लागार’ म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘मत’ला दुसरा अडथळा : ‘१३ विरुद्ध १ मतांनी मत दिले’ वाचताना ठेच लागते, शिवाय न्यायाधीशांची स्वतंत्र आणि विरोधी मतंही वेगळी जोडलेली असतात. म्हणून ‘अभिमत’ म्हणा.

रामबाग, इंदूर
‘अभिमत’ आवडला होता, पण ‘अभिमत विद्यापीठ’ लगेच आठवतं, आणि तिथे अर्थ ‘मानलेलं’ असा आहे. सध्या वाक्य असं केलंय : ‘आमसभेच्या विनंतीवरून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी सल्लादायी अभिमत दिले, की चागोसचा कारभार संपवणे ब्रिटनवर बंधनकारक आहे.’

लष्कर, ग्वाल्हेर
‘सल्लादायी’ आणि ‘बंधनकारक’ एकाच वाक्यात आले, वाचक अडखळणार.

ग्रंथालय, महाल, ग्वाल्हेर
अडखळू दे. मूळ कागदातही ते दोन्ही एकाच पानावर आहेत. फक्त ‘अभिमत’ पहिल्यांदा येईल तिथे, ते मतदान आणि निकाल यांपेक्षा वेगळं कसं, हे एका वाक्यात सांगा.