ड्रिल केलेल्या रिमलेसला पॉली की ट्रायव्हेक्स? भोकापाशीच तडा का जातो?

कोथरूडकर
नंबर दोन्ही डोळ्यांना उणे पावणेचार, फ्रेम स्क्रूवाली रिमलेस. आठ महिन्यांत उजव्या लेन्सला कानाकडच्या भोकापाशी तडा गेला. दुकानदाराने पॉलीकार्बोनेटचीच नवी लेन्स बसवून दिली, तिलाही तिसऱ्या महिन्यात तिथेच तडा. पडला नाही, कोणी बसलं नाही. आता तो म्हणतो ट्रायव्हेक्स घ्या, वरचे पैसे द्या. खरंच फरक पडतो की मला गंडवतोय?

हिशेबी
गंडवतोय. पॉली म्हणजे जगातली सगळ्यात दणकट लेन्स, कारखान्यातले सेफ्टी गॉगल त्याचेच असतात. ट्रायव्हेक्स हे पॉलीचंच महागडं नाव आहे. माझी पॉलीची रिमलेस सहा वर्षं चालली आहे. तडा जातो तो फिटरच्या हातामुळे.

भोकपाड्या
बावीस वर्षं लेन्स घासतोय आणि भोकं पाडतोय म्हणून सांगतो. हिशेबी, फिटरबद्दल तुमचं बरोबर, बाकीचं नाही. ट्रायव्हेक्स वेगळाच माल आहे, २००१ मध्ये पीपीजीने चष्म्यांसाठी आणला. तो पातळ असताना साच्यात ओततात आणि सावकाश घट्ट होऊ देतात. पॉली वितळवून दाबाने साच्यात घुसवतात, त्यामुळे थंड होताना पोटात ताण शिल्लक राहतो. एरवी तो ताण कोणाला त्रास देत नाही. भोक पाडलं की देतो.

आणि दणकटपणाचं म्हणाल तर, चेंडू आदळला तर पॉली वाकून मार सोसेल. पण बारीक चरा पडलेल्या जागी महिनोन्‌महिने सतत दाब राहिला तर तीच पॉली हळूहळू फाटते. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. भोकाची कड म्हणजे नेमका तसा चरा, आणि आवळलेला स्क्रू म्हणजे तो दाब.

कोथरूडकर, तडा दिसतो कसा ते सांगा. भोकापासून कडेपर्यंत एकच सरळ रेघ, की भोकाभोवती केसासारख्या बऱ्याच रेघा?

आईची_काळजी
माझा मुलगा नऊ वर्षांचा, क्रिकेट खेळतो. त्याला ट्रायव्हेक्सची रिमलेस चालेल का? पॉलीला तडे जातात हे वाचून घाबरले.

भोकपाड्या
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पूर्ण रिमच्या फ्रेममध्ये पॉली उत्तम, भोकच नसतं. नऊ वर्षांच्या मुलाला रिमलेस देऊच नका, कुठल्याही लेन्सची.

कोथरूडकर
पहिल्या वेळी केसासारख्या रेघा होत्या, चांदणीसारख्या. एक लांबत कडेपर्यंत गेली. दुसऱ्या वेळीही तसंच. भिंगातून पाहिलं तर रेघा पाठच्या बाजूला, नटाखाली जास्त आहेत.

भोकपाड्या
मग नुसत्या आवळण्यावर माझा संशय कमी झाला. जास्त आवळल्यावर किंवा भोक कडेच्या फार जवळ पडल्यावर बहुधा एकच रेघ जाते. चांदणी म्हणजे ताण आणि रसायन, दोन्ही एकत्र. पॉलीच्या पुढच्या-मागच्या पृष्ठावर हार्ड कोटिंग असतं, पण भोक आपण नंतर पाडतो, म्हणून भोकाची आतली भिंत उघडी राहते. तिथे ॲसिटोन, थिनर किंवा स्क्रू लॉक करायचं द्रव लागलं की ताणाखालची पॉली चिरफळते. लगेच नाही, कधी कधी काही दिवसांनी, त्यामुळे कोणाला संबंध कळत नाही. दुकानात नटावर काही लावलं होतं का?

कोथरूडकर
स्क्रू सैल व्हायचा म्हणून दर वेळी नटावर नेलपॉलिशचा थेंब लावायचा. पारदर्शक. पाचेक वेळा तरी लावला असेल.

उणे_सहा
अरे देवा. आमच्याकडेही हेच करतात आणि वर "पर्मनंट झालं" म्हणतात.

भोकपाड्या
नेलपॉलिशमधलं द्रावण पॉलीला अजिबात मानवत नाही. थेंब नटाखालून थेट भोकात उतरतो. शिवाय स्क्रू सैल का होत होता? बहुतेक प्लास्टिकचा बुश किंवा वॉशर नसेल, किंवा भोक तिरकं असेल. लेन्सचा पुढचा भाग गोलाकार असतो. भोक त्या पृष्ठाला काटकोनात नसेल तर स्क्रूचं डोकं एकाच बाजूला टेकतं, सगळा दाब एका बिंदूवर जातो आणि हलतही राहतं. मग आवळा, नेलपॉलिश लावा, पुन्हा आवळा.

घरी तपासता येईल. लॅपटॉपवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा, पडदा काळा दिसेल तिथे थांबा. आता चष्मा दोघांच्या मधे धरा. भोकाभोवती रंगीत पंखे दिसतील. स्क्रू अर्धा फेरा सैल करा. पंखे विरले तर दाब स्क्रूचा होता. तसेच राहिले तर ताण लेन्समध्येच आहे, साच्यातला किंवा बोथट ड्रिलने तापवल्यामुळे आलेला.

हिशेबी
म्हणजे शेवटी फिटरच! बुश घाला, भोक नीट पाडा, नेलपॉलिश बंद करा, पॉली टिकते. ट्रायव्हेक्सला पैसे का घालायचे? वर जाडही असते.

भोकपाड्या
जाडीचा हिशेब करूनच टाकू. उणे पावणेचार नंबर, भोक लेन्सच्या मध्यापासून साधारण २५ मिमीवर, मध्यभागी जाडी दीड मिमी. पॉली भोकापाशी साडेतीन मिमी येते, ट्रायव्हेक्स तीन पूर्णांक सात. फरक सुमारे ०.२ मिमी. वजनात ट्रायव्हेक्सच हलकी, घनता १.११, पॉलीची १.२०. उणे आठला मात्र जाडी डोळ्यांत भरेल, तिथे मी दोन्ही सोडून १.६० इंडेक्सची, म्हणजे जास्त पातळ येणारी, एमआर-८ लेन्स सुचवतो.

पैशांचं म्हणाल तर, ट्रायव्हेक्स फिटरच्या चुका जास्त सोसते. ॲसिटोनला दाद देत नाही, साच्यातला ताण फार कमी. पण माझ्या हातून तिलाही तडे गेले आहेत. कडेच्या अगदी जवळ भोक आणि गिऱ्हाईकाची चष्मा एका हाताने ओढून काढायची सवय.

उणे_सहा
मला पॉलीत दिव्यांच्या कडांना निळी-पिवळी किनार दिसायची. ट्रायव्हेक्सला ती जवळपास गेली. माझ्यासाठी बदलायचं कारण तेच, तडे नव्हेत.

हिशेबी
किनार मला कधी दिसली नाही. मनाचे खेळ.

उणे_सहा
तुमचा नंबर किती?

हिशेबी
उणे एक.

भोकपाड्या
😄 उणे एकला लेन्सच्या कडेकडून पाहिलं तरी किनार जेमतेम असते. सहाला नक्की दिसते. आबे अंक जितका कमी तितकी किनार जास्त, पॉलीचा ३० आणि ट्रायव्हेक्सचा ४३ च्या पुढे.

कोथरूडकर
चाचणी केली. गॉगल बायकोचा. उजव्या भोकापाशी रंगांचा मोर फुलला आहे, स्क्रू सैल केल्यावर निम्मा राहिला, पूर्ण गेला नाही. डाव्या लेन्सला, जिला तडा नाही, तिलाही नाकाकडे थोडा आहे. तिथे नेलपॉलिश कधी लावलेलं नाही. बुश चारपैकी दोनच भोकांत आहेत!

हिशेबी
बघा, बुश नाहीत. मी हेच म्हणत होतो.

भोकपाड्या
आणि स्क्रू सैल केल्यावरही निम्मा उरलाय, तो कुणाचा? डावी लेन्स तशीच ठेवून नाकाकडचा स्क्रू पाव फेरा सैल करा, बुश घालून घ्या. उजवी मी तरी ट्रायव्हेक्सच घालेन, पण त्याच दुकानात ड्रिल करून घेणार असाल तर थांबा. आधी विचारा, भोक पृष्ठाला काटकोनात पाडता का आणि कड मारता का. आणि फ्रेम वाकवताना पकड दोन हवी, एका पकडीने दांडी वळवली की सगळा जोर भोकावर येतो.

कोथरूडकर
विचारलं. म्हणाला, "साहेब, इतके प्रश्न डोळ्यांचे डॉक्टरही विचारत नाहीत."