विषय: दिवाळी अंकासाठी गुणतालिकेचा फोटो – काही आकडे वाचता येत नाहीत

प्रेषक: मीनल

सप्रेम नमस्कार.

या वर्षीच्या दिवाळी अंकात जून 2024 च्या टी-20 विश्वचषकावर दोन पाने द्यायचे ठरले आहे. ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर 6 जूनला अमेरिकेने पाकिस्तानला हरवले, तेव्हा आपले बरेच सभासद तिथे हजर होते. शिवाय सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा असल्यामुळे त्या सामन्याची चर्चा आपल्याकडे अजून संपलेली नाही. त्या महिन्यात सभागृहाच्या भिंतीवर ‘अ’ गटाचे वेळापत्रक आणि गुणतालिका असा एक मोठा कागद लावलेला होता आणि स्वयंसेवक त्यावर निकाल भरत होते. तो कागद आता सापडत नाही. हाती आहे तो फक्त एका सभासदाने काढलेला फोटो, आणि त्यात ट्यूबलाइटचा उजेड नेमका उजवीकडच्या रकान्यांवर पडला आहे. मला जेवढे वाचता आले तेवढे खाली उतरवले आहे.

```
      P  W  L  T  NR  Pts  NRR
IND   4  3  0  0  1   7    1.137
USA   4  2  1  0  ?   ?    0.127
PAK   4  2  2  0  ?   ?    0.294
CAN   4  1  2  0  1   3    0.493
IRE   4  0  3  0  1   1    1.293
```

माझ्या अडचणी तीन आहेत. प्रश्नचिन्हांच्या जागी काय असावे? अमेरिका-पाकिस्तान सामन्यासमोर T (SO) असे लिहिलेले असताना तालिकेत T च्या रकान्यात शून्य का? आणि पहिल्या सामन्याची नोंद 02-06, 06:00 अशी आहे, पण तो सामना 1 जूनच्या संध्याकाळी झाल्याचे मला पक्के आठवते. कृपया जाणकारांनी मदत करावी.

आपली,
मीनल

---

प्रेषक: वैशाली

मीनल, फोटोवरून निकाल वाचण्याचा हा त्रास मलाही झाला आहे. मागच्या हिवाळ्यात आपल्या बॅडमिंटन स्पर्धेच्या तक्त्यावर माझ्या मुलाच्या नावापुढे W/O लिहिलेले होते. पहिले अक्षर W म्हणून तो जिंकला असे समजून आम्ही त्याच्या आजीला फोनसुद्धा केला. प्रत्यक्षात त्याच्या जोडीदाराला ताप होता आणि समोरच्या जोडीला न खेळताच पुढे चाल मिळाली होती. तेव्हा स्पर्धेच्या तक्त्यावर कोणत्या अक्षराचा काय अर्थ हे खाली लिहावे, अशी समितीला विनंती आहे. तसेच या वर्षीच्या बॅडमिंटनची नोंदणी कधी सुरू होणार, हेही कुणीतरी कळवावे.

---

प्रेषक: प्रसाद

मीनलताई, माझ्या मते तुमच्या कागदातच चूक आहे. सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो, त्यामुळे अमेरिका आणि पाकिस्तान या दोघांच्याही ओळीत T खाली 1 हवा. दुसरे असे की शेवटच्या रकान्यातल्या सगळ्या संख्या अधिक असूच शकत नाहीत. एकाने काढलेल्या धावा म्हणजेच दुसऱ्याने दिलेल्या धावा, म्हणून गटातल्या पाचही संघांच्या निव्वळ धावगतींची बेरीज शून्य आली पाहिजे. खालच्या दोन संघांना उणे चिन्ह लावून मी बेरीज केली, तर ती उणे 0.228 आली. याचा अर्थ एखादा आकडा नक्की चुकीचा वाचला गेला आहे. 0.127 हा मुळात 0.327 असावा असा माझा संशय आहे, कारण अंधुक फोटोत 3 चा 1 सहज दिसतो.

---

प्रेषक: श्रीधरकाका

चि. मीनल, अनेक आशीर्वाद.

मुंबईत असताना मी बरीच वर्षे कांगा लीगमध्ये गुणलेखन केले. ती स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळली जाते, त्यामुळे भिजलेले आणि शाई पसरलेले कागद वाचण्याची सवय तिथेच लागली. गुणतालिकेतल्या पुसलेल्या आकड्याचा अंदाज करत बसायचे नसते. तालिकेतले बाकीचे आकडेच तो सांगतात.

आधी तुझी प्रश्नचिन्हे घेऊ. खेळायचे सामने म्हणजे जिंकलेले, हरलेले, बरोबरीचे आणि निकाल न लागलेले यांची बेरीज. अमेरिकेचे चारपैकी दोन विजय आणि एक पराभव दिसतो, तेव्हा NR खाली 1 असलाच पाहिजे. तो 14 जूनचा लॉडरहिलचा आयर्लंडविरुद्धचा सामना, जो मैदान ओले राहिल्यामुळे झालाच नाही. पाकिस्तानचे दोन आणि दोन मिळून चार होतात, म्हणून तिथे 0. विजयाला दोन आणि निकाल न लागलेल्या सामन्याला एक गुण धरला की अमेरिकेचे 5 आणि पाकिस्तानचे 4 होतात. आता ताळा पाहा. गटात दहा सामने होते आणि निकाल काहीही लागो, प्रत्येक सामन्यातून एकूण दोनच गुण वाटले जातात, म्हणून Pts च्या रकान्याची बेरीज 20 यायला हवी. 7, 5, 4, 3 आणि 1 मिळून ती तेवढीच येते.

चि. प्रसाद, बरोबरीला एकेक गुण हा नियम तू म्हणतोस तसा आहे, पण सुपर ओव्हर होऊ शकली नाही किंवा तिचा निकाल लागला नाही, तरच तो लागू पडतो. त्या दिवशी दोन्ही संघांच्या 159 धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने 18 काढल्या आणि पाकिस्तानला 13 च करता आल्या. त्यामुळे सामन्याच्या नोंदीत ‘बरोबरी’ राहते, पण तालिकेत तो अमेरिकेचा विजय आणि पाकिस्तानचा पराभव म्हणून मोजला जातो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. तुझ्या हिशेबाने गुण वाटले असते, तर पाकिस्तानचे 5 आणि अमेरिकेचे 4 झाले असते आणि पुढच्या फेरीत पाकिस्तान गेला असता. त्या एका षटकाचे मोल एवढे होते!

आता धावगती. एकाच्या धावा म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या धावा, हे खरे. पण धावगती काढताना प्रत्येक संघाच्या धावांना त्याच्या स्वतःच्या षटकांनी भागतात आणि ती षटके सगळ्यांची सारखी नसतात, म्हणून पाच भागाकारांची बेरीज शून्य येण्याचे काही कारण नाही. फोटोत उणे चिन्ह हरवते, कारण ती एक बारीक आडवी रेघ असते आणि उजेडात तीच आधी नाहीशी होते. आयर्लंड तिन्ही सामने हरला, तेव्हा त्याच्याबद्दल फारशी शंका उरत नाही. कॅनडाचे मात्र नुसते पाहून सांगता येत नाही, कारण त्याचा एक विजय आहे आणि गुण वेगळे असल्यामुळे तालिकेतल्या क्रमावरूनही चिन्ह कळत नाही.

वेळापत्रकाच्या भागात कॅनडाच्या धावा स्वच्छ दिसतात. अमेरिकेविरुद्ध 194, आयर्लंडविरुद्ध 137 आणि पाकिस्तानविरुद्ध 106, म्हणजे पूर्ण साठ षटकांत 437. षटकामागे 7.283. समोरच्यांनी काढल्या 197, 125 आणि 107, म्हणजे 429. इथे घाई केली तर कॅनडाने जास्त काढल्या आणि कमी दिल्या, मग अधिक चिन्ह, असे वाटते. पण अमेरिकेने त्या धावा 17.4 षटकांत आणि पाकिस्तानने 17.3 षटकांत केल्या होत्या. ही दशांश चिन्हे नव्हेत, ते चेंडू आहेत. आयर्लंडची वीस षटके धरून बेरीज 54.7 नाही, तर 55 षटके आणि एक चेंडू होते. 429 ला त्याने भागले की 7.776 येतात आणि फरक उणे 0.493. फोटोतल्या आकड्याशी तो शेवटच्या स्थानापर्यंत जुळतो, म्हणजे आकडा बरोबर वाचला आहेस, फक्त चिन्ह गेले आहे.

अमेरिकेचेही करून पाहिले. 466 धावा 57 षटके आणि 4 चेंडूंत, दिलेल्या 464 धावा 58 षटके आणि 2 चेंडूंत. उत्तर अधिक 0.127. सुपर ओव्हरच्या धावा यात धरायच्या नसतात. न झालेला सामनाही नाही.

– श्रीधरकाका

---

प्रेषक: प्रसाद

काका, बेरजेचे पटले. पण याच रीतीने मी भारताची धावगती काढली, तर ती 1.137 येत नाही, त्यापेक्षा बरीच कमी येते. भारताच्या 327 धावांना 49 षटके आणि 4 चेंडूंनी भागले, दिलेल्या 319 धावांना 56 षटकांनी. कागदावर पाकिस्तानविरुद्ध 119 (19) आणि आयर्लंडचे 96 (16) असेच लिहिलेले आहे. बरोबरीच्या सामन्याला नुसते W लिहिणे मला अजूनही दिशाभूल करणारे वाटते. अंकात तरी तळटीप द्यावी.

---

प्रेषक: श्रीधरकाका

प्रसाद, कंसातली षटके खरी आहेत, पण ते दोन्ही डाव सर्वबाद होऊन संपले होते. सर्वबाद झालेल्या संघाची षटके धावगतीसाठी पूर्ण वीस धरतात, नाहीतर लवकर बाद होण्याचा फायदाच झाला असता. भारताची 50 षटके 4 चेंडू आणि समोरच्यांची पूर्ण 60 धरून पुन्हा भागून पाहा. तळटीप जरूर द्यावी, माझी हरकत नाही.

मीनल, वेळेबद्दल लिहायचे राहिले. तो कागद भारतीय वेळेने छापलेला आहे आणि हे त्या कागदावरच ताडता येते. न्यूयॉर्कचे सामने सकाळी साडेदहाला सुरू होत, त्यांच्यासमोर 20:00 आहे, आणि आपल्या इथल्या 6 जूनच्या साडेदहाच्या सामन्यासमोर 21:00. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते आणि आपण साडेदहा तास, त्यामुळे दोन्ही ठिकाणचे साडेदहा तिकडे एका तासाच्या फरकाने पडतात. अमेरिका-कॅनडा सामना आपल्याकडे 1 जूनला संध्याकाळी साडेसातला सुरू झाला, तेव्हा भारतात 2 जूनच्या सकाळचे सहा वाजले होते. 02-06 म्हणजे 2 जून. इथल्या मुलांनी ते 6 फेब्रुवारी असे वाचू नये, म्हणून महिन्याचे नाव अक्षरांत छापावे.

---

प्रेषक: मीनल

काका, प्रसाद, मनापासून आभार. तालिका पूर्ण झाली, दोन्ही उणे चिन्हे लावली आणि T (SO) ला तळटीपही दिली. इथल्या वाचकांसाठी तारखा आणि वेळा त्या त्या मैदानाच्या छापाव्यात असे माझे मत आहे, पण भारतातल्या नातेवाइकांकडेही अंक जातो, म्हणून संपादक मंडळाचा निर्णय अजून झालेला नाही.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. फोटोत 14 जूनच्या सामन्यासमोर NR आहे आणि 15 जूनच्या भारत-कॅनडा सामन्यासमोर पेन्सिलीने ABD. दोन्ही लॉडरहिलचेच आणि दोन्हींत एकही चेंडू पडला नाही. मग दोन वेगळ्या नोंदी का?

---

प्रेषक: श्रीधरकाका

गुणांच्या दृष्टीने त्यांत फरक नाही, दोन्हीकडे एकेक गुण. गुणलेखकाला फरक पडतो तो नाणेफेकीने. नाणेफेक झाल्यावर सामना थांबला, तर तो खेळाडूंच्या नावावर खेळलेला सामना म्हणून जमा होतो. नाणेफेकच झाली नाही, तर होत नाही. परंतु त्या दोन्ही दिवशी नाणेफेक झालेली नव्हती, म्हणून या कसोटीने दोन्हींसमोर ABD च हवे. कागद भरणारे हात दोन होते की एकाच माणसाने दुसऱ्या दिवशी विचार बदलला, हे त्या पंधरवड्यात सभागृहाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनाच विचार.

---

प्रेषक: वैशाली

14 तारखेला किल्ली आमच्याकडे होती, पण कागदाला आम्ही हात लावलेला नाही. बॅडमिंटनच्या नोंदणीचे मात्र कुणीच सांगितले नाही.