दिल्लीची डिझेल क्रेटा नाशिकला आणावी का? (बजेट 7 लाख)

गोदाकाठ: 2018 ची डिझेल क्रेटा शोधतोय. नाशिकला 8 लाखांच्या खाली कोणी बोलत नाही, दिल्लीत तशीच 6.30 ला आहे. एवढा फरक का? आणायची तर काय बघू?

सातपूरकर: 9 लाखांपर्यंत जा आणि कमी चाललेली गाडी घ्या. मी तेच केलं, आजवर एक पैशाचा त्रास नाही.

विदर्भ_एक्सप्रेस: दिल्लीची डिझेल दहा वर्षांनी भंगारात जाते. 2028 ला काय कराल?

आरटीओवारी: ते बंधन दिल्ली-एनसीआरपुरतं, नाशिकला नाही. भाव पडतो तो त्याचमुळे. तिथला विकणारा पुढची दोनच वर्षं धरतो, आपल्याकडचा 15 वर्षांचा हिशोब करतो.

पण 1.70 लाखांचा फरक अख्खा तुमच्या खिशात येत नाही. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या डिझेलला 14 टक्के कर आहे. मूळ किंमत 12 लाख धरली तर नव्या गाडीला 1.68 लाख. जुन्या गाडीला वयानुसार कमी लागतो, नेमका आकडा नाशिक आरटीओत विचारा. समजा निम्मा, म्हणजे 84 हजार. गाडी आणणं, एजंट, तुमचं जाणं-येणं मिळून 30 हजार. म्हणजे गाडी 7.44 ला पडली. वाचले 56 हजार, आणि बजेट ओलांडलं ते वेगळंच.

सातपूरकर: म्हणूनच म्हटलं, 9 लाख.

मीनल_ठाणे: दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळतो ना?

आरटीओवारी: मागता येतो, पण इकडे कर भरल्याची पावती जोडून तिकडच्या आरटीओत. पैसे आधी अडकतात, म्हणून हिशोबात धरू नका. टोकन देण्याआधी चलनं भरलीत का आणि कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा, नाहीतर एनओसी अडते. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढा. शेवटच्या सर्व्हिसला 92 हजार किलोमीटर आणि आज मीटरवर 68 दिसले, तर तिथूनच मागे फिरा.

मीनल_ठाणे: मग मुंबई-ठाण्यातली बघा की. एमएच नंबर तोच राहतो, कर पुन्हा नाही. आमच्या सोसायटीतली एक 7.40 ला गेली.

विदर्भ_एक्सप्रेस: समुद्राकाठची गाडी गंजते.

मीनल_ठाणे: सगळ्याच नाही. लिफ्टवर चढवून सायलेन्सर, सस्पेन्शनचे जोड आणि दारांच्या खालच्या कडा बघायच्या. बोट लावल्यावर पापुद्रा निघाला तर सोडून द्यायची.

कोल्हापुरी72: डिझेल कशाला? नवी सीएनजी घ्या. माझी वॅगनआर झक्कास चालते.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. मामा नोएडाला असतात, ते ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन शनिवारी गाडी बघणार आहेत. विकणारा 5.80 पर्यंत उतरला तर दिल्लीचीच घेतो.

आरटीओवारी: 5.80 ला आली तर तुमच्या बजेटमध्ये बसते. एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम मात्र देऊ नका.

सातपूरकर: तरी 9 चा विचार करा.