मदत हवी आहे: एकूण साठा जुळतो, बॅच जुळत नाही

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. काल रात्री शटर ओढून रॅकवरचा माल बॅचप्रमाणे मोजला. टेल्मिसार्टन ४० च्या १२ स्ट्रिप्स, कॉम्प्युटरमध्येही १२. पण कॉम्प्युटर म्हणतो सगळ्या नव्या बॅचच्या. हातात मात्र नव्या ३ आणि जुन्या ९. जुन्यांची एक्सपायरी पुढच्या महिन्याअखेर!

कारण सापडलं. बिल करताना सॉफ्टवेअर आधी संपणारी बॅच उचलतं, पण पोरांनी नवा माल पुढे लावल्यामुळे हातात नवीच स्ट्रिप येत गेली. म्हणजे ९ स्ट्रिप्सच्या बिलांवर बॅच चुकीची गेली. उद्या नवी बॅच कंपनीने परत मागवली तर पेशंट शोधायचा कसा, याचीच जास्त काळजी वाटते.

जुन्या बॅचचं खरेदी बिल आहे. पण शिल्लक शून्य दिसते, त्यामुळे परतीचं बिलच निघत नाही. स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटने नवीतून ९ वजा, जुनीत ९ जमा करून कारणाची नोंद ठेवली तर चालेल का? की आधी विक्रीची बिलं दुरुस्त करावीत? शिवाय त्या ९ पैकी एक कापलेली आहे, तिच्यावरचा बॅच नंबरच गेलाय. ती तुमचे होलसेलर घेतात का?