थरांवरून घालायच्या जॅकेटचे माप
«जाड स्वेटरवरून घालायचे आहे, तर जॅकेट सरळ एक साइझ मोठे घ्यावे का?»

सरसकट तसे करू नये, कारण साइझच्या तक्त्यातले माप बहुधा अंगाचे असते आणि बाहेरच्या जॅकेटात आतल्या एखाद्या थरासाठी जागा आधीच ठेवलेली असू शकते. त्याऐवजी थर्मल आणि स्वेटर घालूनच छातीभोवती टेप लावावी. माझी छाती 96 सेंमी आहे, थरांवरून ती 103 भरते. जॅकेट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजले तेव्हा 57 भरले, म्हणजे घेर 114. अकरा सेंटिमीटरची मोकळीक मला पुरेशी वाटली.

मात्र छाती बसली तरी अडचण बहुतेक वेळा काखेत येते. माझ्या आधीच्या जॅकेटाची चेन सहज लागत असे, पण हात पुढे केले की स्वेटरची बाही काखेत गोळा होई, पाठ ताणली जाई आणि मनगट उघडे पडे. म्हणून सगळे थर घालून, चेन लावून, दोन्ही हात छातीवर घट्ट घ्यावेत आणि मग वर करावेत. पिसांच्या जॅकेटात ही काळजी अधिक घ्यावी, कारण आतून दाब आला की पिसे चेपतात, त्यांच्यात अडकलेली हवा कमी होते आणि अंगावर थर वाढवूनही नेमक्या खांद्यांवर थंडी वाजते. उलट फार मोठे घेतल्यास कमरेखालून वारा शिरतो. तिथे आवळायची दोरी असेल तरच थोडा सैलपणा चालतो.